साकवाच्या सलग बीमचा एक सपोर्ट खचला तर मोमेंट डिस्ट्रिब्युशन कसं मांडायचं?

देवगड_ओव्हरसियर

खाडीच्या आतल्या टोकाला पऱ्यावर एक साकव आहे. तीन गाळ्यांचा सलग आरसीसी बीम, गाळे ६, ८ आणि ६ मीटर. सपोर्टना डावीकडून ए, बी, सी, डी म्हणू. ए आणि डी ही दोन्ही टोकं नुसती टेकलेली आहेत. ए, बी, डी जांभ्यावर किंवा त्याखालच्या कातळावर बसलेत. सी मात्र जुन्या खाजणात भराव घातलेल्या जागी आहे आणि तो ८ मिमी खाली गेलाय असं लेव्हलवरून दिसतं.

बीम ३०० बाय ६००, एम२५. एका बीमवर स्वतःचं वजन आणि स्लॅब धरून १४ केएन प्रति मीटर, माणसं आणि दुचाकी धरून आणखी १०, म्हणजे एकूण २४.

माझ्यासमोर दोन जणांनी केलेली दोन गणितं आहेत. पहिल्यात बीवर १७३.८ आणि सीवर ३८.८ होगिंग येतं. दुसऱ्यात बीवर ६८.८ आणि सीवर २०३.८. मोमेंट किलोन्यूटन-मीटरमध्ये आहेत. सपोर्ट खचला नसताना दोन्ही गणितं बी आणि सी दोन्हीकडे १२१.३ देतात, म्हणजे भाराचा भाग जुळतो. फरक फक्त खचण्याच्या भागात आहे. बरोबर कोणतं, आणि ते हाताने कसं ताडून पाहायचं?

वाघोटण

पहिलं बरोबर आहे. दुसऱ्यात खचण्याच्या मोमेंटचं चिन्ह उलटं पडलंय, दोन्ही गाळ्यांत.

आकडेमोड करण्याआधी एवढा विचार करा. सी अजून खाली, अजून खाली जात शेवटी बीमपासून सुटलाच, तर काय उरेल? बी ते डी असा १४ मीटरचा एकच गाळा. मग सीच्या जागी सॅगिंग असणार आणि बीवर भरपूर होगिंग. म्हणजे सी खचायला लागला की सीवरचं होगिंग कमी होत जातं आणि बीवरचं वाढत जातं. दुसऱ्या गणितात सीवर २०३ आलंय, ते या एका विचारातच बाद होतं. खचलेला सपोर्ट भार सोडतो, घेत नाही. पुष्कळांची चूक इथेच होते, कारण भेगा आणि खड्डा सीजवळ दिसतो म्हणून मोमेंटही तिथेच वाढला असेल असं वाटतं.

आता मांडणी. भार आणि खचणं वेगवेगळ्या तक्त्यांत करा, एकत्र करू नका. कारण खाली येईल.

ईआय काढू. आयएस ४५६ प्रमाणे एम२५ साठी E २५,००० न्यूटन प्रति चौरस मिमी. I ढोबळ छेदाचा, ३०० × ६००³ / १२. दोन्हींचा गुणाकार १,३५,००० केएन-चौरस मीटर.

टोकं टेकलेली असल्याने एबी आणि सीडीची स्टिफनेस 3EI/L, म्हणजे ०.५ ईआय. बीसीची 4EI/L, तीही ०.५ ईआय. तुमच्या गाळ्यांची मापं अशी सोयीची आहेत की बी आणि सी दोन्ही ठिकाणी सगळे डिस्ट्रिब्युशन फॅक्टर अर्धे-अर्धे येतात.

खचण्यामुळे येणारे फिक्स्ड एंड मोमेंट, घड्याळाच्या दिशेने अधिक धरून:

बीसीचं उजवं टोक खाली गेलं, म्हणजे बीमची रेषा घड्याळाच्या दिशेने फिरली. टोकांवरचे मोमेंट तिला विरोध करणार, म्हणून दोन्ही टोकांना उणे. 6EIΔ/L² = 6 × 135000 × 0.008 / 64 = 101.25.

सीडीचं डावं टोक खाली गेलं, रेषा उलट फिरली, म्हणून सीला अधिक. डी टेकलेला आहे आणि आपण 3EI/L घेतलंय, म्हणून इथे 3EIΔ/L² = 3 × 135000 × 0.008 / 36 = 90. डीला शून्य.

एबीची दोन्ही टोकं जागेवर आहेत, तिथे काही नाही.

```
              बीए       बीसी       सीबी      सीडी
सुरुवात       ०.००   -१०१.२५   -१०१.२५   +९०.००
वाटप       +५०.६३    +५०.६३     +५.६३    +५.६३
कॅरी ओव्हर              +२.८१    +२५.३१
वाटप        -१.४१     -१.४१    -१२.६६   -१२.६६
कॅरी ओव्हर              -६.३३     -०.७०
वाटप        +३.१६     +३.१६     +०.३५    +०.३५
कॅरी ओव्हर              +०.१८     +१.५८
वाटप        -०.०९     -०.०९     -०.७९    -०.७९
बेरीज      +५२.२९    -५२.३०    -८२.५३   +८२.५३
```

समीकरणं सोडवून अचूक उत्तर ५२.५ आणि ८२.५ येतं. चार फेऱ्यांत एवढं जुळलं हे पुरे आहे.

भाराचे १२१.३ बीएला अधिक आहेत आणि खचण्याचे ५२.५ सुद्धा अधिक, म्हणून बेरीज १७३.८. सीबीला भाराचे अधिक १२१.३ आणि खचण्याचे उणे ८२.५, म्हणून ३८.८.

स्नेहल_चिपळूण

सीडीमध्ये ९० कसं? फिक्स्ड एंड मोमेंट 6EIΔ/L² असतो, म्हणजे १८०. टोक टेकलेलं असलं तरी सूत्र तेच राहतं, डीचा मोमेंट नंतर सोडायचा असतो ना?

वाघोटण

ताई, तुमची पद्धतही चालते, पण तिच्यासोबत सीडीची स्टिफनेस 4EI/L घ्यावी लागते. सीला १८०, डीला १८०. डी सोडला की तिथे उणे १८० द्यावे लागतात, त्याचे अर्धे, उणे ९०, सीकडे जातात. सीवर ९०च उरले. पुढे प्रत्येक फेरीत डीला जे जाईल ते परत सोडत राहायचं.

धोका दोन्हींची सरमिसळ करण्यात आहे. स्टिफनेस तीन-चतुर्थांश घ्यायची, मोमेंट मात्र 6EIΔ/L² घ्यायचा आणि डी कधी सोडायचाच नाही. तसं केलं तर सीची बेरीज अधिक ७८.७५ होते आणि वाटप भलतीकडेच जातं. तक्ता मात्र नीट जुळतो, बीए आणि बीसी समान येतात, त्यामुळे चूक दिसत नाही. सांध्यांवरचं संतुलन हा फक्त वाटपाचा पुरावा आहे. सुरुवातीचे आकडे चुकीचे असले तरी सांधे जुळतातच.

देवगड_ओव्हरसियर

मग सुरुवातीची चूक पकडायची कशी?

वाघोटण

एक चाचणी फार उपयोगी पडते. तुमच्याच शीटमध्ये भार शून्य करा आणि बी ६ मिमी, सी १४ मिमी, डी २० मिमी खाली घ्या, ए जागेवर. चारही सपोर्ट एका सरळ तिरक्या रेषेत गेले, बीम न वाकता नुसता कलला. उत्तर सगळीकडे शून्य यायला हवं. एखाद्याच गाळ्याचं चिन्ह, गाळ्यांची लांबी, 3EI आणि 6EI यांची सरमिसळ, यांपैकी काहीही चुकलं असेल तर शून्य येत नाही. चिन्ह सगळ्याच गाळ्यांत उलटं पडलं असेल तर मात्र शून्यच येतं, ते सी सुटल्याच्या वरच्या विचारानेच पकडावं लागतं. स्नेहलताईंच्या शंकेतली चूकही इथे लगेच उघडी पडते.

यातूनच दुसरी गोष्ट कळते. Δ म्हणजे त्या गाळ्याच्या दोन टोकांतला फरक. सपोर्टचं एकूण खचणं नव्हे. चारही सपोर्ट सारखे ३० मिमी गेले तर बीमला काही कळतही नाही.

रिॲक्शनवरूनही ताडता येतं. नुसत्या खचण्यामुळे रिॲक्शनमध्ये होणारे बदल: ए उणे ८.७५, बी अधिक २५.६, सी उणे ३०.६, डी अधिक १३.७५ केएन. बेरीज शून्य, कारण नवा भार आलेलाच नाही. एभोवती मोमेंट घेतला तरी शून्य.

चिरेबंदी

माझं मालवणजवळ चिऱ्याचं घर आहे. मागच्या पडवीचा कोपरा बसलाय आणि भिंतीत तिरकी भेग गेलीय. वर आरसीसी स्लॅब आहे. हाच हिशोब करून स्लॅबला किती धोका आहे ते काढता येईल का?

वाघोटण

नाही, तुमचा प्रश्न वेगळा आहे. चिऱ्याच्या भिंतीवर टेकलेल्या स्लॅबला सुटे बिंदू-सपोर्ट नाहीत. भिंत आधी भेग पाडून जागा देते आणि स्लॅब काही लांबीत नुसता अधांतरी राहतो. या सूत्राने काढलेला आकडा तुम्हाला उगाच घाबरवेल. भेगेवर काचेची पट्टी किंवा प्लास्टरची टिकली लावून तारीख लिहा, पावसाळ्याआधी आणि नंतर बघा. पडवीचं पाणी पायाशी मुरतंय का तेही बघा. शक्य असेल तर वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

डंपीलेव्हल

हे ८ मिमी कशावरून काढले? मला इथे मोठी शंका आहे. साकव बांधला तेव्हाची लेव्हल नोंदवलेली आहे का?

बीमचा तळ आज सीवर ८ मिमी खाली आहे याचा अर्थ सी ८ मिमी खचला असा होत नाही. शटरिंगच ५ मिमी खाली बसलं असेल, तर काँक्रीट त्या आकारात घट्ट झालं. त्या ५ मिमीचा मोमेंट शून्य. मोमेंट येतो तो घट्ट झाल्यानंतर झालेल्या हालचालीचाच. तीन-चार मिमीचा फरक कोकणातल्या कुठल्याही साकवावर ओतकामातूनच निघेल.

देवगड_ओव्हरसियर

बांधकामाच्या वेळची नोंद नाही. दोन वर्षांपूर्वी कठड्याच्या दुरुस्तीसाठी घेतलेली एक लेव्हल आहे, कातळावरच्या खुणेपासून. त्यावेळी सी ५ मिमी खाली होता, आता ८.

डंपीलेव्हल

म्हणजे खात्रीचे ३ मिमी. बाकीचे ५ कधीचे आणि कसले, ते माहीत नाही. ऑटो लेव्हलने एकेका वाचनात एक मिमीची चूक सहज होते, म्हणून त्या ३ मध्येही थोडी ढिलाई ठेवा. पुढच्या वेळी बॅकसाइट आणि फोरसाइट सारख्या अंतरावर घ्या, आणि स्टाफ बीमच्या वर न ठेवता पिअरच्या डोक्यावर पक्की खिळ मारून तिथे ठेवा. बीमच्या वरच्या पृष्ठावर प्लास्टरचा थर असतो, तो दर दुरुस्तीत बदलतो.

भेगाही पाहा. सी खरंच नंतर खचला असेल तर नव्या भेगा बीच्या वरच्या अंगाला आणि सीडी गाळ्याच्या खालच्या अंगाला असायला हव्यात. सीवरच्या वरच्या भेगा उलट मिटलेल्या दिसतील.

वाघोटण

हे फार बरोबर आहे, आणि म्हणूनच मी दोन तक्ते वेगळे करायला सांगितले. खचण्याचा तक्ता Δ आणि ईआयच्या सरळ प्रमाणात आहे. एकदा केला की प्रत्येक मिमीला बीवर ६.५६, सीवर १०.३ असा दर हातात राहतो. ३ मिमी असेल तर ३ ने गुणा. परत वाटप करायची गरज नाही.

सीडी गाळ्याबद्दल त्यांनी म्हटलंय ते आकड्यांत पाहा. ८ मिमी पूर्ण धरले तर सीडीमधला सॅगिंग मोमेंट ५५.९ वरून ८९.५ वर जातो. बीसीमधला ७०.७ वरून ९१.६ वर. एबीमधला उलट ५५.९ वरून ३८.६ वर उतरतो. सगळ्यांचं लक्ष सपोर्टवरच्या मोमेंटकडे असतं, पण टक्केवारीने सगळ्यात जास्त वाढ सीडीच्या खालच्या सळयांवर आहे.

स्नेहल_चिपळूण

म्हणजे पुढचा साकव बांधताना बीमची खोली वाढवली की झालं. ६०० ऐवजी ७५० केलं तर हे मोमेंट तो सहज घेईल.

वाघोटण

ताकद वाढेल, पण मोमेंटही वाढेल. भाराच्या तक्त्यात ईआय कटून जातो, कारण तिथे फक्त स्टिफनेसचं गुणोत्तर लागतं. खचण्याच्या तक्त्यात ईआय प्रत्यक्ष लागतो. ६०० ची खोली ७५० केली तर I जवळजवळ दुप्पट होतो (१.९५ पट), तेव्हा त्याच ८ मिमीला बीवर ५२.५ ऐवजी १०२ येतील आणि सीवर १६१. भाराचे १२१.३ जवळजवळ तेवढेच राहतात, म्हणजे सीवर होगिंग जाऊन सॅगिंग येईल. ताठ बीम खचणाऱ्या सपोर्टवर जास्त त्रास ओढवून घेतो.

ज्यांना वाटतं की ईआय १ धरून गणित होतं, त्यांची फसगतही इथेच होते. ईआय १ धरला तर खचण्याचे मोमेंट नगण्य येतात आणि शीट सांगते की काही फरक पडत नाही.

खाडीकाठी गाळात एक सपोर्ट येणारच असेल आणि पाया कातळापर्यंत नेता येत नसेल, तर माझं स्पष्ट मत आहे: तिथे बीम सलग ठेवू नका. सुटे, दोन टोकांवर टेकलेले गाळे घ्या. सपोर्ट खचला तर गाळा कलेल, डेकवर सांध्याशी थोडी उंचसखल होईल, पण मोमेंट बदलणार नाही.

जुना_डिझायनर

वाघोटण यांचं गणित बरोबर आहे, पण १,३५,००० हा ईआय प्रत्यक्षात टिकत नाही. दोन कारणं.

पहिलं, क्रीप. आयएस ४५६ मध्ये २८ दिवसांच्या वयाला भार आला तर क्रीप कोएफिशंट १.६ दिलाय. दीर्घकाळाचा E मग २५,००० भागिले २.६. भरावाखालचा खाडीचा गाळ एका रात्रीत बसत नाही, वर्षानुवर्षं बसतो. सपोर्ट हळूहळू खाली जातो आणि काँक्रीट त्याच वेळात सैल पडत जातं. वरचा गुणक लावला तर ५२.५ चे २०.२ आणि ८२.५ चे ३१.७ उरतात.

दुसरं, भेगा. बीवर १२१.३ ला दीडपट करून डिझाइन केलं तर वर साधारण १,०५० चौरस मिमी स्टील लागतं. त्या छेदाचा भेगाळलेला I काढला तर ढोबळच्या साधारण तिसरा हिस्सा येतो. सगळा बीम काही भेगाळत नाही, म्हणून सरासरी मधेच कुठेतरी. मी अर्धा धरतो.

वाघोटण

मान्य, पण सांभाळून. साकव बांधून झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात सीखालची माती वाहून गेली आणि सी आठ दिवसांत खचला, तर क्रीपला वेळच मिळत नाही. तेव्हा ताण पूर्ण येतो आणि मग सैल पडतो. शिवाय काँक्रीट जुनं झालं की क्रीपही कमी होतो, आयएस ४५६ मध्ये एक वर्षाच्या वयाला १.१ आहे. म्हणून २.६ ने सरसकट भागू नये. कधी खचला हे माहीत असल्याशिवाय गुणक ठरत नाही.

जुना_डिझायनर

ते खरं. पण देवगडच्या केसमध्ये दोन वर्षांत ३ मिमी आहेत, म्हणजे हळू चाललंय.

आणि शेवटच्या ताकदीचा विचार केला तर बीवरचं स्टील आधीच १८२ साठी आहे. १७३.८ त्यात बसतात. स्टील यील्ड झालं तरी मोमेंट पुढे सरकतो, आयएस ४५६ तीस टक्क्यांपर्यंत पुनर्वाटप करू देतं. मग खचण्याची एवढी चिंता का?

वाघोटण

१८२ मध्ये भार दीडपट आहे आणि १७३.८ मध्ये एकपट, त्यामुळे ती तुलना बसत नाही. दीडपट भाराला फक्त खचण्याचे ५२.५ एकपट मिळवले तरी २३४ होतात. पुनर्वाटपाने ते निभावेल, बीम कोसळणार नाही, हे मी मान्य करतो. सलग आरसीसी बीमला तेवढा लवचिकपणा असतो.

चिंता कोसळण्याची नाही, भेगांची आहे. बीवर वरच्या सळयांतला ताण एकपट भाराला साधारण २३५ न्यूटन प्रति चौरस मिमी असतो. १७३.८ ला तो ३३५ च्या आसपास जातो. त्या प्रमाणात भेग रुंदावते, आणि ती वरच्या अंगाला असते, जिथे पावसाचं पाणी साठतं आणि खारा वारा बसतो. सीव्हिअर वातावरणात आयएस ४५६ ची भेगेची मर्यादा ०.१ मिमी आहे आणि समुद्रकाठची उघडी कामं त्यातच मोडतात. क्रीपने मोमेंट कमी होतो, पण पडलेली भेग पूर्ण मिटत नाही. क्लोराइड तिथून सळईपर्यंत पोचतं. आणि हा बीम एम२५ आहे, आज सीव्हिअरला किमान एम३० लागतं, म्हणजे आतलं काँक्रीटही तितकं दाट नाही.

देवगड_ओव्हरसियर

बीवर वरून दोन आडव्या भेगा आहेत, एकीत गंजाचा डाग दिसतोय. सीडीखाली बारीक केसासारख्या भेगा. सीवर सॅगिंग होण्याची भीती किती? तिथे खालून दोनच सळया सरळ गेल्यात असं ड्रॉइंग सांगतं.

वाघोटण

पूर्ण भाराला सीवरचं होगिंग शून्य व्हायला सुमारे ११.८ मिमी लागतात. पण इथे उलटा विचार करायला हवा. होगिंग देतो तो भारच, तेव्हा साकव रिकामा असताना ते सगळ्यात कमी असतं. १४ केएन धरले तर सीवर फक्त ७०.८ आहेत, ते ६.९ मिमीतच संपतात. म्हणजे ढोबळ ईआय आणि पूर्ण ८ मिमी खरे असतील, तर रिकाम्या साकवावर सीच्या खालच्या अंगाला आत्ताच थोडा ताण आहे, सुमारे ११.७ सॅगिंग. दोन सळया तेवढं आरामात घेतील, पण त्या सपोर्टच्या पलीकडे पुरेशा लांब गेलेल्या असायला हव्यात. लांबी ड्रॉइंगवर नको, जागेवर रीबार लोकेटरने पाहा.

आयएस १९०४ मध्ये आरसीसीच्या सुट्या पायांना ०.००१५ L एवढा फरक चालतो असं आहे. ८ मीटरला १२ मिमी. तेव्हा पाया मर्यादेत आहे म्हणून बीमची तपासणी नको, असं कोणी म्हटलं तर हे ६.९ आणि ११.८ त्याच्यासमोर ठेवा.

जुना_डिझायनर

आता कामाचं. बीम पॅडवर टेकलाय ना? मग सीवर जॅक लावून आज तिथे किती रिॲक्शन उरली आहे ते थेट मोजता येतं. क्रीप किती झाला, ८ मिमी खरे किती, हा सगळा वाद तिथे बराच मिटतो.

साकव बंद ठेवा, म्हणजे फक्त १४ चा भार. दोन्ही बीमखाली एकाच पंपावरचे जॅक, वर लोड सेल. पंपाच्या गेजवर विसंबू नका, पॅकिंगच्या घर्षणाने ते चुकीचं दाखवतं. हळूहळू दाब वाढवा आणि पॅड मोकळं होईल तो क्षण डायल गेजवर पकडा. त्या क्षणीचा भार म्हणजे आजची रिॲक्शन. कधी खचलंच नसेल तर एका बीमला ११० केएन यायला हवेत. ८ मिमी पूर्ण आणि ढोबळ ईआय असेल तर ७९. क्रीपने २.६ पट सैल झालं असेल तर ९८ च्या आसपास.

स्नेहल_चिपळूण

पण १४ केएन हा आकडाच अंदाजाचा आहे. स्लॅबवर डांबराचा किंवा प्लास्टरचा जादा थर असेल तर दहा टक्के सहज वाढतो. मग ९८ वाचले तर ते क्रीपचे की वजनाचे, कसं सांगणार?

जुना_डिझायनर

अगदी योग्य मुद्दा, ताई. म्हणून बीवरही तेच करा. बी कातळावर आहे, जॅक ठेवायला सोपं. गाळे दोन्हीकडून सारखे असल्याने न खचलेल्या साकवात बी आणि सीची रिॲक्शन सारखी असते, थर सगळीकडे सारखा असेल तर वजन कितीही असो. तेव्हा सीचा आकडा बीच्या आकड्याने भागा. १ आला तर खचण्याचा मोमेंट उरलेला नाही. पूर्ण असेल तर ७९ भागिले १३५, म्हणजे ०.५८. क्रीप झालेला असेल तर ०.८२ च्या जवळ.

आणि उचलताना एक चूक टाळा. ८ मिमी खचलंय म्हणून ८ मिमी उचलू नका. क्रीपने मोमेंट सैल पडलेला असतो, पण तुम्ही उचलता ते एका तासात, तेव्हा काँक्रीट पूर्ण ताठ असतं. ढोबळ ईआयला सी एक मिमी उचलायला ३.८ केएन लागतात. ९८ वरून ८ मिमी उचलला तर रिॲक्शन १२९ वर जाईल, आणि आता सीवर नको तेवढं होगिंग बसेल, वरून नवी भेग. ९८ वरून ११० पर्यंत जायला ताठ बीमला ३ मिमी पुरतात, भेगाळलेल्याला पाच-सहा. उंची बघून थांबू नका, भार बघून थांबा. मग शिम प्लेट घाला.

डंपीलेव्हल

शिम घालण्याआधी सी अजून खाली जातोय का ते ठरवा. दोन वर्षांत ३ मिमी म्हणजे थांबलेलं नाही. आज शिम घातली आणि पुढच्या वर्षी परत दीड मिमी गेला, तर परत जॅक. शिमची जागा पुन्हा उघडता येईल अशी ठेवा, ग्राउटने बंद करू नका.

देवगड_ओव्हरसियर

पाऊस संपल्यावर बी आणि सी दोन्हींचा भार मोजायचं ठरवतो. त्याआधी बीच्या भेगा साफ करून इपॉक्सीने भरून घेऊ का?

वाघोटण

आत्ता नको. उचलल्यावर बीच्या भेगा मिटायला हव्यात. इपॉक्सी भरली तर त्या उघड्या अवस्थेतच गोठतील आणि उचलताना बीम तिथे अडेल. पाऊस आत जाऊ नये म्हणून वरून लवचिक सीलंटची पट्टी तेवढी मारा. इपॉक्सी शिम घातल्यावर. गंजाचा डाग आहे तिथे मात्र कव्हर फोडून सळई किती खाल्ली गेली ते पाहायलाच लागेल, आणि छेद घटला असेल तर हे सगळे आकडे पुन्हा मांडायचे.

स्नेहल_चिपळूण

एक राहिलं. तपासणीत खचण्याच्या मोमेंटला दीडचा गुणक लावायचा की एक? आमच्याकडे दीड लावतात, भारासारखाच.

जुना_डिझायनर

मी एक लावतो. ढोबळ ईआय धरला असेल तर त्यातच भरपूर जादा आलेलं असतं.

वाघोटण

मी ढोबळ ईआयला एक आणि कमी केलेल्या ईआयला दीड लावतो, पण हे माझं मत आहे. आयएस ४५६ पायाच्या हालचालीचा विचार करा एवढंच सांगतं, गुणकांच्या तक्त्यात तिला जागा नाही. तपासणाऱ्या कार्यालयाने काय मागितलंय ते आधी लेखी विचारून घ्या.